जाहिरात विसरा, सही करा

नोकरी लागल्याचा आनंद निर्भेळ ठेवायचा असेल, तर नियुक्तिपत्र हाती पडताच मूळ जाहिरात आपल्याकडून कायमची नाहीशी करावी. संकेतस्थळावरची जाहिरात कंपनी बहुधा स्वतःच काढून टाकते. तुम्ही अर्ज करतानाच तिची प्रत ठेवली असेल, तर मात्र ती आणि नियुक्तिपत्र शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहण्याचा मोह होईल, आणि तेथेच सगळ्याचा विरस होईल.

माझ्या एका मित्राने हा अविचार केला. जाहिरातीत पद होते ‘संघप्रमुख’ आणि पत्रात ‘वरिष्ठ सहयोगी’. हाताखाली किती माणसे असतील याचा पत्रात उल्लेख नव्हता, परंतु ‘व्यवस्थापन वेळोवेळी सोपवील ती कामे’ हा शब्दप्रयोग होता, ज्यात फोन उचलण्यापासून कपाट सरकवण्यापर्यंत काहीही सामावते. पदनामाचे एवढे काय, असे म्हणून तो वेतनाकडे वळला.

जाहिरातीतली वार्षिक रक्कम 100 धरली, तर पत्रातही बेरीज 100च होती. खोटेपणाचा आरोप कोणीही करू नये. फक्त त्यांतले 66 निश्चित वेतन होते, 24 कामगिरीनुसार मिळायचे होते आणि उरलेले 10 म्हणजे विमा व निवृत्तिनिधीतला कंपनीचा वाटा, जो दरमहा हाती येत नाही. दरमहा सव्वाआठाचा हिशेब मनात धरलेल्या माणसाला कर कापण्यापूर्वीच साडेपाच मिळणार होते. कामगिरीचे 24 वर्षअखेरीस, ‘कंपनीच्या विवेकाधीन’ आणि त्या दिवशी राजीनामा दिलेला नसेल तरच. असल्या अटी वाचू नयेत. आणि गेल्या वर्षी या पदावरच्या माणसांना त्यातले प्रत्यक्षात किती मिळाले, हे तर मुळीच विचारू नये. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर उगाच शंका येते.

मुलाखतीत ‘आठवड्यातून तीन दिवस घरून काम’ असे आश्वासन मिळाले असेल, तर ते हृदयात जपावे, ईमेलवर मागू नये. पत्राच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते, की यापूर्वीची सर्व तोंडी व लेखी बोलणी या पत्राने रद्द समजावीत. मित्राने हे वाक्य वाचले आणि पद, घरून काम व कामगिरीच्या रकमेचे निकष पत्रातच घालावेत, अशी लेखी विनंती केली. पदनाम बदलून मिळाले, निकष जोडले गेले. घरून कामाबाबत ‘धोरणानुसार पाहू’ एवढेच कळले, आणि नव्या नोकरीतले गूढ सुरुवातीलाच उकलून कायमचे गेले.

तुम्ही असे करू नका. सुधारित पत्राची वाट न पाहता आधी जुन्या नोकरीचा राजीनामा द्या, म्हणजे दुरुस्त्या मागण्याची हिंमतच उरणार नाही.