'हे असं ठेवा, एवढं पाणी टाका': अहो, पण असं म्हणजे कसं अन् एवढं म्हणजे केवढं?

मे संपत आला की मोबाईलवर सोयाबीनच्या घरगुती बियाण्याच्या व्हिडिओंचा पाऊस सुरू होतो. लातूर, परभणी, बीड, कुठलाही ग्रुप उघडा, तेच: गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवणक्षमता कशी बघायची. विषय कामाचा आहे. पण कानानं कमी ऐकणाऱ्या बापूंनी आणि डोळ्यानं अधू असलेल्या मावशीनं तो कसा बघायचा, याचा विचार तीन मिनिटांत एकदाही केलेला नसतो. वर म्हणतात, "कॅप्शन आहेत की!"

काय कॅप्शन आहेत? मशीननं आपोआप काढलेली, कुणी एकदा वाचूनही न पाहिलेली. ना पूर्णविराम, ना स्वल्पविराम. 'सत्तर'चं 'सतरा' झालं तरी कुणाला पत्ता नाही. इथं सगळा निर्णय त्या एका आकड्यावर आहे. शंभरातले सत्तर दाणे उगवले तर बियाणं नेहमीच्या मापानं पेरायचं, कमी उगवले तर माप वाढवायचं. जो ऐकू शकत नाही तो सतरा वाचणार आणि सतराच दाणे उगवलेलं पोतंही नेहमीच्या मापानं पेरणार. मशीनचं घ्या, हरकत नाही, पण व्हिडिओ लावून एकेक ओळ तपासा. निदान आकडे आणि औषधांची नावं तरी!

दुसरी तऱ्हा, निवेदक धाडधाड बोलतो ते सगळं एका दमात पडद्यावर ओतायचं. तीन-तीन ओळी, दोन सेकंद, गायब. वाचायला वेळ लागतो हो. सेकंदाला साधारण पंधरा अक्षरचिन्हं, एका वेळी दोनच ओळी, एवढं धरून चाला. इथं देवनागरीची एक गोम आहे. 'पोत्याच्या' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटर त्याची दहा चिन्हं मोजतो, कारण काना, मात्रा आणि हलन्त तो वेगळे धरतो. म्हणून ओळीची मर्यादा इंग्रजीच्या हिशेबानं ठेवली की सॉफ्टवेअर मराठी ओळ भलत्याच जागी तोडतं. 'शंभर' वर आणि 'दाणे' खाली! ओळ हातानं तोडा, जिथं बोलताना श्वास घेतो तिथं. कॅप्शनच्या `.srt` फाईलमध्ये अशी:

```
12
00:00:42,000 --> 00:00:45,500
पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून
एकेक मूठ बी घ्या.

13
00:00:45,600 --> 00:00:49,600
त्यातले शंभर दाणे मोजा.
चांगले-चांगले निवडू नका.
```

पहिलं कॅप्शन एकोणपन्नास चिन्हांचं आहे आणि साडेतीन सेकंद दिसतं, म्हणजे सेकंदाला चौदा. आरामात वाचून होतं. सेकंदानंतर स्वल्पविराम आहे तो असाच लागतो. तिथं टिंब दिलं की काही प्लेअर फाईलच घेत नाहीत. दोन कॅप्शनमध्ये रिकामी ओळ हवीच.

आता फाईल सेव्ह करताना होणारा घोळ. `UTF-8` न निवडता सेव्ह केली की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. त्याहून वाईट म्हणजे डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर. त्याच्या कॉम्प्युटरवर तो झकास मराठी दिसतो, पण आत असतात इंग्रजी अक्षरं, आणि बाहेर पडला की नुसता कचरा. युनिकोडमध्ये टाइप करा, विषय संपला. आणि कॅप्शन झाल्यावर "सुरुवातीचे तीन सेकंद कापून टाकू" असं कुणी म्हटलं तर त्याचा हात धरा, नाहीतर पुढचं प्रत्येक कॅप्शन तीन सेकंद उशिरा येईल.

बरं, कॅप्शन व्हिडिओतच भाजून टाकू नका. वेगळी फाईल असली तर बघणारा अक्षर मोठं करू शकतो, रंग बदलू शकतो. भाजलेलं अक्षर तसंच बारीक राहतं.

रंगांचं तर विचारूच नका. हिरव्यागार पानांवर लाल अक्षरं! कुणाला सुचतं हे? अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडात किती फरक आहे हे मोजायचं ठरलेलं माप आहे: साध्या अक्षराला किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षराला ३ ला १. भडक लाल (`#FF0000`) गडद हिरव्यावर (`#008000`) ठेवला तर गुणोत्तर येतं जेमतेम १.३. पांढऱ्यावर भडक पिवळा तर १.१ च्याही खाली. लाल-हिरवं वेगळं न दिसणाऱ्याचं सोडा, दुपारच्या उन्हात बांधावर मोबाईल धरलेल्या धडधाकट माणसालाही ते दिसत नाही. उपाय फुकटातला आहे. अक्षरं पांढरी आणि मागं ऐंशी टक्के गडद काळी पट्टी. मागं पांढरं धोतर आलं तरी गुणोत्तर बाराच्या पुढंच राहतं. नुसती पांढरी अक्षरं थेट चित्रावर ठेवू नका. सावलीत ती दिसतात आणि आभाळ आलं की विरघळतात. तपासायचं तर व्हिडिओची फ्रेम काळी-पांढरी करून बघा. अक्षर हरवलं तर रंग चुकलाय. उगवलेल्या दाण्याला हिरवं वर्तुळ आणि मेलेल्याला लाल, हेही पुरत नाही. एकाला बरोबरची खूण करा, एकाला फुली.

आता मावशीच्या कानांनी निवेदकाला ऐका. "हे बघा, दाणे असे ठेवायचे, एवढं पाणी शिंपडायचं, मग असं गुंडाळायचं." ऐकणाऱ्यानं यातून काय समजावं? त्यानंतर बारा सेकंद नुसती हलगी वाजते आणि हात चालतात. चाचणीचा गाभा त्याच बारा सेकंदांत! तिथं आवाजानं वर्णन घाला. बारा सेकंदांत सावकाश बोललं तर वीस-बावीस शब्द बसतात: "ओल्या गोणपाटावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे. दोन दाण्यांत बोटभर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट, आणि दोन्हींची सैल गुंडाळी." बस्स. निवेदकाच्या शर्टाचा रंग सांगू नका. गोणपाट ओलं आहे हे सांगा. वर्णनाचा आवाज निवेदकापेक्षा वेगळा ठेवा, म्हणजे कोण बोलतंय ते कळतं. हलगी बोलण्यापेक्षा किमान वीस डेसिबलनं खाली आणा, नाहीतर कमी ऐकू येणाऱ्याचेही हाल. मधे रिकामी जागाच नसेल तर चित्र थांबवून वर्णन घाला, लांबी दहा सेकंद वाढली तर काही बिघडत नाही.

खरं तर यातलं निम्मं काम स्क्रिप्ट लिहितानाच वाचतं. 'असं', 'एवढं', 'इथं' या शब्दांवर लाल पेन फिरवा. "एवढं पाणी" नको, "गोणपाट पिळल्यावर पाणी टपकणार नाही, इतपत ओलं" म्हणा. मग वेगळ्या वर्णनाची गरजच फारशी उरत नाही, आणि डोळस माणसालाही पहिल्यांदाच नीट कळतं.

हे उपकार नाहीत बरं का. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन ही तिन्ही नावं घेऊन लिहिली आहेत. सांकेतिक भाषेची उणीव मराठी कॅप्शननं पूर्ण भरत नाही, हेही ध्यानात ठेवा. जन्मापासून न ऐकणाऱ्या अनेकांना मराठी ही वाचून शिकलेली दुसरी भाषा असते.

आणि शेवटी तो निवेदक हसून म्हणतो, "काही अडचण आली तर स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर फोन करा." नंबर बोलत नाही. पिवळ्या अक्षरात, पांढऱ्या पट्टीवर, दोन सेकंद.