मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली, यात मोघम काय आहे?

'आपण मागितलेली माहिती मोघम व व्यापक स्वरूपाची असल्याने पुरविता येत नाही.' माहिती अधिकार कायद्याखाली केलेल्या माझ्या अर्जाला बस, एवढंच उत्तर. खाली जन माहिती अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. संताप होतोय नुसता.

मोघम कशाला म्हणतात ते मला कळतं. 'आमचा रस्ता इतका खराब का झाला आणि जबाबदार कोण?' असं कुणी विचारलं तर अधिकारी म्हणेल, हा प्रश्न आहे, अभिलेख नाही. ते एका अर्थी बरोबरही आहे, कारण या कायद्यात कार्यालयाकडे असलेलं कागदपत्र मिळतं, अधिकाऱ्याने बसून मत किंवा खुलासा लिहून देणं त्यात येत नाही. म्हणून मी 'का' हा शब्द अर्जात येऊच दिला नव्हता. जोडपत्र 'अ'मध्ये विषय एकच, रस्त्याचं डांबरीकरण, कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत ते लिहून. कालावधी 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024. आणि तपशिलात: 'या कामाचा कार्यारंभ आदेश, या कामाच्या नोंदी असलेली मोजमाप पुस्तिकेची पाने, ठेकेदाराला अदा केलेली सर्व देयके आणि डांबर-खडीच्या चाचणीचे अहवाल यांच्या साक्षांकित प्रती.' महाराष्ट्राच्या नियमात 150 शब्दांची मर्यादा आहे, तीही पाळली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. आता सांगा, यातला नेमका कुठला शब्द मोघम आहे?

मोजमाप पुस्तिका म्हणजे काय हे त्या विभागातल्या शिपायालाही माहीत असतं. अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजतो आणि तिच्यात लिहितो, त्या नोंदीवरून बिल निघतं. बिल दिलं आहे म्हणजे पुस्तिका आहेच. पुस्तिकेचा क्रमांक मी मुद्दाम लिहिला नव्हता. क्रमांकात एक आकडा चुकला की 'असा अभिलेख आढळून येत नाही' म्हणून फाइल बंद करायला ही मंडळी मोकळी! तर फोनवर मला सांगतात, 'नस्ती क्रमांक दिला असता तर शोधता आलं असतं.' अहो, नस्ती क्रमांक मला कुठून कळणार? कलम 4 प्रमाणे अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करून ठेवणं हे कुणाचं काम आहे? ते स्वतः करायचं नाही आणि ती सूची नसल्याचा भुर्दंड अर्जदाराने भरायचा, हा कुठला न्याय?

आणि सगळ्यात चीड येते ती याची, की माहिती नाकारायची तर कलम 7(1) प्रमाणे कलम 8 किंवा 9 मधलं कारण द्यावं लागतं. त्या दोन्ही कलमांत 'मोघम' असं कारणच नाही! 'व्यापक' सुद्धा नाही. फार साधनसामग्री खर्ची पडेल असं वाटलं तर कलम 7(9) आहे, पण ते माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे, नकार द्यायची मुभा ते देत नाही. प्रती जास्त होतात तर फाइल समोर ठेवा, मी अवलोकन करतो आणि हवी ती पानं सांगतो. तेही अर्जातच लिहून ठेवलं होतं. त्यातूनही खरंच काही समजलं नसेल तर कलम 5(3) अधिकाऱ्याला सांगतं की अर्जदाराला वाजवी साहाय्य कर. एक पत्र टाकायचं होतं, कुठल्या टप्प्याचं काम हवं आहे म्हणून. ते नाही. मुदत संपत आल्यावर थेट नकार.

त्या नकारातही कलम 8 किंवा 9 चा उल्लेख नाही, अपील किती दिवसांत आणि कुणाकडे करायचं तेही नाही. कलम 7(8) प्रमाणे हे लिहिणं बंधनकारक आहे. ज्याला कायदा माहीत नाही तो माणूस हे पत्र घेऊन गुपचूप घरी बसतो, आणि त्यांना तेच हवं असतं.

मी बसणार नाही. पहिलं अपील 30 दिवसांत करायचं असतं, वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यात मी एवढंच लिहिलंय: अर्जातला कुठला शब्द समजला नाही तो दाखवा, नकार कलम 8 किंवा 9 च्या कुठल्या उपकलमाखाली दिला ते सांगा, आणि पुस्तिका गहाळ किंवा नष्ट झाली असेल तर ती नोंद कुठे आहे तिची प्रत द्या. नकार योग्य होता हे सिद्ध करायचा भार कलम 19(5) प्रमाणे माझ्यावर नाही, त्या अधिकाऱ्यावर आहे. सुनावणीला येताना त्याने ती पुस्तिका सोबत आणावी, अशी मागणीही केली आहे.