चालत आलात, तिथेच चुकलं

आज सकाळी विमा कंपनीकडून ७३,२१० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. बिल होतं ७८,४२०. काय काय कापलं त्याचा तक्ता मेलला जोडलेला होता. त्यात हातमोजे आणि मास्क यांच्या खाली एक ओळ होती : अ‍ॅडमिशन किट, ६५० रुपये, देय नाही. या किटमध्ये एक साबणाची वडी, एक टूथब्रश, एक थर्मामीटर आणि एक निळा कंगवा होता. सात आठवडे भांडून पैसे मिळवलेल्या माणसाने पेढे वाटायला हवेत. मी सकाळपासून कंगव्यावर अडकलोय.

झालं असं, की सप्टेंबरात हिला डेंगी झाला. शनिवारी ताप चढला आणि मंगळवारी संध्याकाळी उतरला, म्हणून आम्ही हुश्श केलं. पण रात्री पोटात कळा सुरू झाल्या. सहा-सात उलट्या झाल्या, घोटभर पाणीही टिकेना आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. अकरा वाजता हॉस्पिटल गाठलं. पोर्चमध्ये व्हीलचेअर दिसेना, वॉर्डबॉय तर त्याहून दिसेना. शेवटी हीच म्हणाली, "अहो, दोन पावलांवर तर आहे, मी चालते." ती चालली, आणि कॅज्युअल्टीतल्या मुलाने इमानेइतबारे लिहून घेतलं : पेशंट चालत आली, शुद्धीत आहे, ताप नाही.

बुधवारी सकाळी हॉस्पिटलने कॅशलेससाठी कागद पाठवले. २०२४ पासून नियम आहे, की विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा. आमचा ५२ मिनिटांत आला. एवढी तत्परता मी आजवर फक्त हप्ता थकल्याच्या मेसेजमध्ये पाहिली होती. निर्णय असा : रुग्णाला ताप नाही, प्रकृती स्थिर, उपचार बाह्यरुग्ण विभागात शक्य होते, दाखल होणे मुख्यतः तपासण्यांसाठी असल्याने कॅशलेस नामंजूर.

विम्याचे कागद हाताळणारा टीपीए डेस्क तळमजल्यावर, लिफ्ट आणि चहाचं मशीन यांच्या मधल्या बोळात होता. काउंटरवरची ताई फोनवर होती. मी कागद हातात धरून बाकावर बसलो, आणि शेजारच्या गृहस्थांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणजे हिसकावला नाही, आपण शेजाऱ्याचा पेपर घेतो तसा घेतला. पासष्टीचे असावेत. मांडीवर दोरीने बांधलेली फाइल, खिशात तीन पेनं. भावाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं म्हणाले, पण भावापेक्षा त्यांचा मुक्काम या बाकावरच जास्त असावा, कारण चहावाला त्यांना नावाने ओळखत होता.

त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. बोळातल्या चौदा माणसांना हिच्या उलट्यांचा तपशील कळला. एका आजींनी हळहळून पदराने डोळेही टिपले.

"कशा आल्या होत्या?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रिक्षाने."

"रिक्षातून आत कशा आल्या?"

"चालत."

काकांनी पत्राची घडी घातली आणि समोरच्या माणसाकडे असं पाहिलं, की बघा, मी म्हटलं नव्हतं? "चालत आलात, तिथेच चुकलं. आमच्या वहिनींना पित्त झालं तेव्हा मी त्यांना खांद्यावर घेऊन आलो. वजन ऐंशी किलो. माझा मणका गेला, पण क्लेम बसला."

"अहो, पण डेंगीत..."

"आता एक करा. डॉक्टरांकडून लिहून घ्या, की येताना बेशुद्ध होत्या."

"पण नव्हती."

"तुम्हाला क्लेम हवाय की सत्य?"

समोरचा माणूस हसला. मला हसू आलं नाही. दहा वर्षं हप्ता भरतोय, एकदाही क्लेम केला नाही, बोनस साचतोय म्हणून दरवर्षी अभिनंदनाचा मेल येतो. आणि वर बायको सलाईनवर असताना मी एका अनोळखी माणसाशी तिच्या शुद्धीबद्दल घासाघीस करत होतो.

पण काकांचं एक बरं होतं. दर तीन मूर्ख सल्ल्यांमागे एक सोन्यासारखा निघे. त्यांनी पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, की कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे. "हे वाचलंत? आत्ता खिशातून भरा आणि नंतर रिएम्बर्समेंट मागा. निम्मी माणसं इथेच 'गेले पैसे' म्हणून घरी जातात. आणि डिस्चार्ज समरी हातात आल्यावर वाचा. वाचल्याशिवाय सही करू नका. कंपनीचा डॉक्टर पेशंटला बघत नाही, समरीला बघतो." मग त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिण्याचाही सल्ला दिला, त्यामुळे आधीच्या वाक्याचं मोल मला तीन दिवसांनी कळलं.

ताईने फोन ठेवून सांगितलं, की हॉस्पिटल फेरविचारासाठी कागद पाठवेल. पाठवले. सोबत ड्यूटीवरच्या डॉक्टरची, म्हणजे आरएमओची दोन ओळींची चिठ्ठी होती : "पेशंटला अ‍ॅडमिशन आवश्यक आहे." का आवश्यक, ते नव्हतं. पुन्हा नकार आला, शब्दन् शब्द तोच.

शनिवारी डिस्चार्ज. समरीचा मसुदा हातात आला. 'दाखल होताना स्थिती : स्थिर, ताप नाही. उपचार : सलाईन व औषधे. घरी जाताना स्थिती : स्थिर.' म्हणजे ही स्थिर आली, स्थिर राहिली आणि स्थिर गेली. मधल्या चार रात्री आम्ही हवापालटासाठी काढल्या. खाली सोनोग्राफीच्या निष्कर्षात शेवटची ओळ होती : प्रोस्टेट नॉर्मल.

मी हे डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. आधीच्या पेशंटची फाइल उघडून त्यातच नाव बदलायची पद्धत, हे त्यांनीच सांगितलं. भले गृहस्थ. बेशुद्धीचा विषय मी काढलाच नाही, काढला असता तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं आणि ते रास्त झालं असतं. समरीत तेवढंच लिहिता येतं जेवढं नर्सिंगच्या चार्टवर आहे. चार्ट कंपनी मागवतेच, आणि दोन्हींत मेळ नसला की नकाराच्या जागी फसवणुकीचा शिक्का बसतो.

पण चार्टवर पुष्कळ होतं. आल्या वेळी बीपी ९४/६०, नाडी ११२. प्लेटलेट ५२ हजार, गुरुवारी २९ हजार. आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, तो ४६. जूनमध्ये हिच्या ऑफिसच्या तपासणीत तोच ३८ होता. डॉक्टर म्हणाले, "हा जूनचा रिपोर्ट जोडाच. २० टक्क्यांहून जास्त वाढ आहे. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतंय, याचा हा पुरावा." आणि मग ते वाक्य बोलले ज्यासाठी मी त्यांना कंगव्यासकट सगळं माफ केलं : "डेंगीत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. त्यांनी नकाराचं कारण म्हणून जे लिहिलंय ना, तेच माझं अ‍ॅडमिट करण्याचं कारण आहे."

दुरुस्त समरी तारीख, सही, शिक्क्यासह मिळाली. वेगळं अर्ध्या पानाचं पत्रही दिलं. बाह्यरुग्ण विभागात डेंगीचा उपचार म्हणजे मुख्यतः भरपूर पाणी पाजणं. जिच्या पोटात पाणीच टिकत नाही तिला ते कसं पाजणार, हे त्यात साध्या भाषेत होतं. त्या पत्रासाठी मी दोन तास केबिनबाहेर उभा होतो. बिल भरायला एफडी मोडली होती, ती वेगळीच.

घरी येऊन मी क्लेम फॉर्म भरला. मूळ बिलं, पावत्या, रिपोर्ट, केस पेपरच्या प्रती जोडल्या आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगळा मेल टाकला. पहिल्या तीन मसुद्यांत 'निर्लज्ज' हा शब्द होता. चौथ्यात फक्त आकडे ठेवले. तुमच्याच पॉलिसीत 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' याची व्याख्या आहे, ती उतरवली : आजाराच्या उपचारासाठी लागणारा, डॉक्टरांनी सांगितलेला, गरजेपेक्षा जास्त नसलेला, वैद्यकीय रिवाजाला धरून असलेला. प्रत्येकापुढे चार्टमधली तारीख आणि वेळ लिहिली. तुम्ही म्हणता केवळ तपासण्यांसाठी दाखल केलं, तर ७८,४२० पैकी तपासण्यांचे ११,३०० आहेत. उरलेल्या पैशांत आम्ही काय तपासत होतो? (हे वाक्य ठेवलं. एवढी चैन हवीच.) आणि दावा नाकारायचा तर पॉलिसीचं नेमकं कलम सांगावं लागतं, आढावा समितीची मंजुरी लागते, तेव्हा दोन्ही कळवा, असं लिहिलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं : डेंगीच्या पहिल्या तपासणीचा कागद जोडला नाही. जोडला होता. पान सात. पुन्हा पाठवला. मग शांतता. मग पुन्हा तोच कागद मागितला. तिसऱ्यांदा मी फक्त पान सात पाठवलं, त्यावर लाल पेनने गोल करून. हिने तोवर घरात एका वाक्याचा पगडा बसवला होता. भाजी कोण आणणार, दूध कोण तापवणार, काहीही विचारलं की म्हणे, "मी कशी आणू, मी तर स्थिर आहे."

पैसे जमा झाल्याचं मी काकांना फोन करून सांगितलं. (नंबर त्यांनीच माझ्या कागदामागे लिहून दिला होता, न मागता.) त्यांना आनंद झाला, पण खरा आनंद ६५० ऐकून झाला.

"कंगवा सोडलात?"

"काका, पॉलिसीतच लिहिलंय, साबण-कंगवा देत नाहीत. यादीच आहे."

"नारायण पेठेत विमा लोकपाल बसतो. फी नाही, वकील लागत नाही, चालतच नाही. ५० लाखांपर्यंतचं ऐकतो."

"म्हणून साडेसहाशेचं ऐकेल?"

"पन्नास लाखांच्या आत आहे की नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं, हेही त्यांनी सांगितलं, म्हणजे घाई नाही. मी जाणार नाहीये. पण फोन ठेवून बाथरूममध्ये गेलो तर ही आरशासमोर त्या निळ्या कंगव्याने केस विंचरत होती, आणि माझ्या तोंडून गेलं, "अगं, नको वापरू, पुरावा आहे तो!"