लेटरवर पत्ता तरी बरोबर टाका!

अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी एका पानाचं नोकरीचं लेटर मागितलं होतं हो, कंपनीत हिस्सा नाही मागितला. आज सकाळी एचआरकडून काय आलं? तीन ओळी. अमुक बाई अमुक तारखेपासून आमच्याकडे अमुक पदावर नोकरीला आहेत, खाली हेड ऑफिसचा पत्ता, संपलं. पगार नाही, फुलटाइम आहे की नाही ते नाही, कुणाची सहीसुद्धा नाही! आणि हेड ऑफिस कॅलिफोर्नियात, मी बसते ऑस्टिनला, आणि कंपनीनं माझ्यासाठी भरलेल्या एच-१बीच्या अर्जात, म्हणजे पिटिशनमधे, कामाची जागा म्हणून ऑस्टिनच लिहिलंय.

आता मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधे ऑफिसर विचारणार काम कुठं करता, मी सांगणार ऑस्टिन, आणि माझ्याच हातातलं लेटर सांगणार कॅलिफोर्निया. कामाची जागा एका शहराच्या पट्ट्यातून दुसऱ्या शहराच्या पट्ट्यात हलली तर आधी कामगार खात्याकडे पगार आणि जागा सांगणारा नवा अर्ज म्हणजे एलसीए आणि सुधारित पिटिशन भरावं लागतं, २०१५ पासून हे अगदी स्पष्ट आहे, एचआरला माझ्याआधी माहीत असायला पाहिजे. म्हणजे ऑफिसरला शंका आली तर त्याचं काही चुकलं नाही. तो व्हिसा तूर्त अडवणारी २२१(जी)ची चिठ्ठी देणार, कागद आणा म्हणणार, आणि मी पुण्यात आईकडे बसून लॅपटॉप उघडायचा की नाही, पगार चालू राहणार की नाही, याची वाट बघणार. पिटिशन मंजूर झाल्याची आय-७९७ नोटीस हातात आहे, अमेरिकेतलं स्टेटस व्यवस्थित आहे, पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलाय म्हणजे बाहेर पडलं की नव्या शिक्क्याशिवाय परत यायची सोय नाही. हे ज्याला भोगायचंय त्यालाच कळतं.

आणि मी मोघम मागितलं होतं असंही नाही. मेल लिहिला, मैत्रिणीला दाखवला, तिनं माफीचा आख्खा परिच्छेद उडवला आणि तारीख खालून उचलून पहिल्या ओळीत टाकली. एवढीच दुरुस्ती. मराठीत सांगायचं तर मेल असा होता:

'नमस्कार, मुंबईत एच-१बी स्टॅम्पिंगच्या मुलाखतीसाठी मला येत्या शुक्रवारपर्यंत नोकरीचं लेटर हवं आहे. ते कंपनीच्या लेटरहेडवर, चालू तारखेचं आणि सही केलेलं असावं. त्यात रुजू झाल्याची तारीख, फुलटाइम असल्याचा उल्लेख, सध्याचा वार्षिक पगार, कामाची थोडक्यात माहिती, ऑस्टिन ऑफिसचा पत्ता आणि पिटिशनमधलं पद लिहावं. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबरही द्यावा. मसुदा सोबत जोडला आहे. पिटिशनची कॉपीही मिळाली तर बरं होईल.'

यात न कळण्यासारखं काय आहे? मसुदा जोडलाय! कॉपी करायची, पगार ताडून बघायचा, सही ठोकायची. तर उत्तर काय, 'सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी फॉरमॅट एकच आहे, पोर्टलवरून काढून घ्या.' पोर्टलवरचं ते लेटर घर भाड्यानं घ्यायला ठीक आहे, घरमालकाला तेवढंच बघायचं असतं. व्हिसा ऑफिसर ते पिटिशनसमोर ठेवून वाचतो. त्यात पद म्हणून आमच्या कंपनीतलं अंतर्गत लेव्हलचं नाव छापलंय आणि पिटिशनमधे सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, हे दोन एकच आहेत हे त्याला कोण सांगणार, मी तोंडी?

पिटिशनच्या कॉपीचं तर विचारूच नका. वकील म्हणतात एचआरला विचारा, एचआर म्हणतं वकिलांकडे आहे. फॉर्मवर नाव माझं, शिक्षण माझं, पगार माझा, आणि कागद मलाच बघायला नाही. एलसीएची कॉपी कामावर रुजू होईपर्यंत हातात द्यायचीच असते, नियमच आहे तसा, तीसुद्धा मला मागे लागून मिळवावी लागली.

वर आमचा मॅनेजर म्हणतो, मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्सनं दे ना पासपोर्ट, गेल्या वेळी दिला होतास. अरे बाबा, सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीला ते बंद झालंय, समोर उभं राहावंच लागतं. आणि अपॉइंटमेंट म्हणजे काय चीज आहे हे डिसेंबर २०२५ मधे बघितलंय सगळ्यांनी, सोशल मीडियाची तपासणी वाढली आणि इंडियात जाऊन बसलेल्या लोकांच्या तारखा थेट मार्च २०२६ मधे ढकलल्या. अशी तारीख हातात असताना मी ती एचआरच्या फॉरमॅटपायी घालवू?

नाही घालवणार. आत्ताच परत मेल टाकलाय, मॅनेजर, वकील आणि एचआरच्या वरच्या बाईंना एकत्र. एलसीएच्या कॉपीवर ऑस्टिनचा पत्ता आणि पद पिवळं करून जोडलंय, शेजारी त्यांचं लेटर, चुकलेल्या ओळीवर लाल गोल. आणि स्पष्ट लिहिलंय की हे लेटर मी खिडकीवर देणार नाही, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून सहीसकट पाठवा, आणि पाठवणार नसाल तर का नाही ते लेखी कळवा.