काकी, ग्रुपवरचा तो जामिनाचा मेसेज चुकीचा आहे

"पहिल्या तारखेला जामीन नाही झाला की गुन्हा कबूल धरतात. म्हणून घरच्यांनी जजसाहेबांसमोर हात जोडून खरं काय ते सांगायचं, आणि रोख पैसे सोबत ठेवायचे."

काकी, मी विधी सेवा प्राधिकरणात नुसता इंटर्न, कोर्टात बोलणार ते आपले लोक अभिरक्षक वकील. पण हा मेसेज वाचून तुम्ही बुधवारी भलतंच काही कराल म्हणून लिहितोय.

बोटीचं इंजिन दादाने चोरलं का नाही, हे या तारखेला ठरतच नाही. कोर्ट मुख्यतः बघतं ते हे की सुटला तर पळेल का, साक्षीदारांना दम देईल का, पोलिसांना तो अजून हवाय का. इंजिन तर मिळालंय, पोलीस कोठडी संपून आता एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी आहे, त्यामुळे आपली बाजू बरी आहे. आणि 'जामीन नाही झाला' म्हणतात तेव्हा पुष्कळदा अर्ज फेटाळलेलाच नसतो, कोर्टाने सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्याचा 'से' मागवलेला असतो, म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, ते आलं नाही की पुढची तारीख. पाच मिनिटांत सगळं आटपतं. बाहेर आल्यावर वकिलांना एवढंच विचारा, फेटाळला की से बाकी? अन् फेटाळला तरी सेशन्सला अर्ज करता येतो.

हात जोडायचं तर सोडूनच द्या. तुम्हाला कोणी पुकारणार नाही, आणि "त्याने इंजिन फक्त ठेवायला घेतलं होतं" हे परवा टपरीवर बोललात ना, ते आता कुठेच नको. वकिलांना मात्र सांगा घरात कोण आहे, तो काय कमावतो, आधी केस होती का.

राहिले पैसे. समजा आदेश आला, '15 हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार', तर त्यात 15 हजार भरायचे नसतात. दादा तारखांना आला नाही तर ती रक्कम वसूल होऊ शकते, म्हणून जामीनदाराची ऐपत बघतात, आधार, फोटो, सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती. कोकणात घोडं इथेच अडतं. तुमचा सातबारा बघितला मी, अकरा नावं, त्यातली दोन माणसं वारलेली, चार चाकरमानी मुंबईला, असल्या उताऱ्यावर "यात तुमचा हिस्सा किती?" विचारलं की जामीनदार गप्प. शेजारच्या भाऊंचं खातं स्वतंत्र आहे, त्यांना आजच विचारा. कागद वेळेत झाले नाहीत तर आदेश होऊनही ती रात्र जेलमध्येच जाते. जामीनदार मिळालाच नाही तर रक्कम कमी करा किंवा काही दिवस रोखीवर सोडा असा अर्ज देता येतो, पण ते पैसे आदेश झाल्यावर कोर्टात भरायचे, पावती घेऊन. आवारात कोणी "साहेबांचे द्यायचेत" म्हणाला तर एक रुपया देऊ नका, आपल्या वकिलांची फीसुद्धा नाही.

बुधवारी साडेदहाला या, भाऊंना ओरिजिनल उतारा घेऊन यायला सांगा, झेरॉक्स चालत नाही.