सील पॅक म्हणजे नवं, हे कोणी ठरवलं?

"मॅडम, सील पॅक होतं ना? मग नवीनच आहे." माझ्या मावसबहिणीने नवा म्हणून घेतलेला लॅपटॉप वापरलेला निघाला, आणि आज दुपारी विक्रेत्याच्या माणसाने हे तिला फोनवर इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मीच फोन हिसकावून घेतला. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

अहो, सील म्हणजे काय? पातळ प्लास्टिक. गरम हवेने ते कुणालाही पुन्हा चढवता येतं. बॉक्सवरचे गोल स्टिकर तर रोलच्या रोल मिळतात. सील शाबूत आहे याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी शेवटी ते लावलं. कुणी आणि कधी, ते सील सांगत नाही.

आमची ही बहीण मुळात चिवट. बॉक्सचं लेबल कॅमेऱ्यात दाखवून, न थांबवता व्हिडिओ काढत तिने लॅपटॉप उघडला. बिलावरचा सिरीयल नंबर, बॉक्सवरचा, लॅपटॉपच्या बुडावरचा, तिन्ही जुळले. बहुतेक लोक इथेच थांबतात. हिने विंडोजचं सेटअप सुरू होण्याआधीच F2 दाबून बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, उघडलं (काही कंपन्यांची कळ वेगळी असते), आणि तिथे भलताच नंबर! म्हणजे खालचं कव्हर एका मशीनचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा. विंडोज सुरू झाल्यावर पॉवरशेलमध्येही तोच नंबर वाचता येतो:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

तो आतला नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला, तर वॉरंटी चौदा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली. आता कुणी म्हणेल, माल विक्रेत्याकडे रवाना झाला की काही कंपन्यांचं घड्याळ सुरू होतं. होतं, मान्य. महिना-दोन महिन्यांचा फरक मीही सोडून देईन. चौदा महिने नाही.

बरं, नंबर जुळला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. दुरुस्तीवाल्यांकडे बायोसमध्ये सिरीयल नव्याने लिहायची सोय असते. ती लागतेही, कारण मदरबोर्ड बदलला की तो नंबर भरावाच लागतो. म्हणून पुढची पायरी बॅटरीची, तीही पॉवरशेलमध्येच:

```
powercfg /batteryreport
```

याने एक फाइल बनते, ती कुठे आहे ते स्क्रीनवरच येतं. तिच्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे बघा. बहिणीच्या "नव्या" लॅपटॉपमध्ये पहिला 50,000 आणि दुसरा 41,500. म्हणजे बॅटरी 83 टक्क्यांवर आलेली. CYCLE COUNT, म्हणजे पूर्ण चार्जच्या फेऱ्या, 212! (काही मशीनमध्ये इथे नुसती रेघ येते, तेव्हा क्षमतेवरूनच अंदाज घ्यायचा.) नव्या बॅटरीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात, थोडं इकडेतिकडे चालतं.

मग एसएसडी, म्हणजे आतली डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात Power On Hours दिसतात. तिथे 1,870 तास. रोज आठ तास धरले तरी जवळजवळ आठ महिने कुणीतरी या मशीनवर बसलेलं आहे. कारखान्यात चाचणीचे काही तास जातात, हो, पण काहीच. हजारात नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की फसवणारा विंडोज नव्याने टाकतो, डिस्क कोरी करतो, पण बॅटरीची मोजणी बॅटरीच्या स्वतःच्या चिपमध्ये असते आणि तासांची मोजणी एसएसडीच्या आत. फॉरमॅट करून ती जात नाही. ती लपवायची तर दोन्ही सुटे भाग नवे घालावे लागतात किंवा खास साधनांनी आतली मोजणीच बदलावी लागते, आणि एवढी खटपट बहुतेकदा कुणी करत नाही. तरी कुणी केलीच, तर वॉरंटीची तारीख बोलू शकते. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका, तीन-चार एकत्र बघा.

थोडं शांत होऊन सांगते, रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेला आणि ठीकठाक करून पुन्हा विकलेला माल वाईट नसतो. नीट तपासून, तसं सांगून, कमी पैशात दिला तर मीही घेईन. माझं भांडण नव्याचे पैसे घेऊन जुनं देण्याशी आहे. आणि वर "सील तुम्हीच फोडलं" म्हणायचं? मग बघायचं कसं, क्ष-किरण लावून? बहिणीने व्हिडिओ, बायोसचा फोटो आणि बॅटरीचा अहवाल त्याच दिवशी लेखी तक्रारीला जोडला, तेव्हा कुठे त्यांची भाषा "बघतो, मॅडम" वर आली.

फोन घेणाऱ्यांनो, तुमचं काम सोपं आहे. *#06# दाबा, येणारा पंधरा आकडी आयएमईआय बॉक्सशी आणि बिलाशी ताडून बघा. आयफोन असेल तर Settings, General, About मध्ये Model Number बघा. तिथे A ने सुरू होणारा नंबर दिसला तर त्यावर एकदा टॅप करा. पहिलं अक्षर M म्हणजे नवा विकलेला, F म्हणजे रिफर्बिश्ड, N म्हणजे बदली म्हणून दिलेला. बॉक्सवर M आणि आत F दिसलं, तर पुढे काहीही सेट करत बसू नका. त्या स्क्रीनचा फोटो काढा आणि त्याच दिवशी परत पाठवायची तक्रार टाका.