राखाडी बेड, टॅन पट्टा आणि फॉन लॅब्रॅडॉर: आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (२ तारे): "दुकानातल्या मुलाने सांगितलं, राखाडी सगळ्यावर जातो, म्हणून सोफ्याला मॅचिंग गडद राखाडी मखमली बेड घेतला. चार दिवसांत पांढऱ्या केसांनी भरला. घरी तो जांभळट दिसतो. टॅन लेदरचा पट्टा चिकूच्या गळ्यात दिसतच नाही, उलट भिजल्यावर मानेवर तपकिरी डाग पडला. शिवाय चिकू बेडवर झोपतही नाही, बहुतेक रंग आवडला नसावा. साडेतीन हजार वाया गेले."

ताई, नमस्कार. मी दुकानाची मालकीण. चूक आमची आहे. आम्ही तुम्हाला सोफ्याचा रंग विचारला, चिकूच्या केसांचा विचारलाच नाही. बेडचं कव्हर आणि पट्टा दोन्ही बदलून देते, वरचे पैसे न घेता. पण या वेळी निवड नीट व्हावी म्हणून काय चुकलं ते सविस्तर लिहिते.

बेड आणि पट्टा यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. बेडवर केस दिसू नयेत, म्हणून बेड केसांच्या जवळच्या रंगाचा हवा. पट्टा मात्र अंगावर उठून दिसायला हवा, म्हणून तो केसांपासून दूरच्या रंगाचा हवा. तुमच्याकडे नेमकं उलटं झालं. बेड गडद आणि केस फिके, पट्टा टॅन आणि कुत्राही जवळपास त्याच रंगाचा.

आधी बेडचं बघू. चिकू फॉन लॅब्रॅडॉर आहे. लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली मऊ, दाट लव. ही लव वरच्या केसांपेक्षा फिकी असते आणि गळते ती मोठ्या प्रमाणावर हीच. म्हणून चिकू लांबून बिस्किटाच्या रंगाचा दिसला, तरी बेडवर पडणारे केस जवळजवळ दुधाळ असतात. रंग ठरवायचा तो गळलेल्या केसांवरून. ब्रशमधून निघालेला पुंजका कापडाच्या नमुन्यावर ठेवायचा आणि चार-पाच पावलं मागे जाऊन बघायचं. पुंजका दिसेनासा झाला तर कापड बरोबर. तुमच्या गडद राखाडीवर तो दाराजवळून दिसला असता, आणि ही चाचणी आम्हीच करून दाखवायला हवी होती. मखमलीने आणखी भर घातली. तिच्या उभ्या तंतूंत केस अडकून बसतात आणि झटकून निघत नाहीत. घट्ट विणीच्या, दोन-तीन छटांचे धागे मिसळलेल्या कापडावर केस वरच राहतात आणि ओल्या हाताने पुसले की गोळा होतात. केस अजिबात दिसणार नाहीत असं कापड मात्र मी देऊ शकत नाही. झाकले जातील एवढंच.

जांभळटपणाचं कारण आमच्या दुकानातला उजेड. आमच्याकडे ६५०० केल्विनचे पांढरे दिवे आहेत. तुमच्या फोटोत हॉलमध्ये पिवळसर दिवे दिसतात, ते ३००० केल्विनच्या आसपासचे असावेत; बल्बच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो. कापडातला राखाडी बहुतेक वेळा निळा, तांबडा, पिवळा असे रंग एकत्र करून बनवलेला असतो. पिवळ्या उजेडात तांबडा भाग जास्त असतो, त्यामुळे त्या मिश्रणातली तांबडी छटा पुढे येते आणि राखाडी जांभळट वाटतो. दुकानातल्या दोन राखाडी कापडांत फरक दिसला नाही, तरी घरी दिसू शकतो. म्हणून कापडाचा तळहाताएवढा तुकडा घरी नेऊन दुपारी एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा बघावा. आता तुकडे द्यायला सुरुवात केली आहे.

तुमच्या फोटोत राखाडी सोफा, क्रीम भिंत, फिक्या व्हिट्रिफाइड फरशा आणि मोहरीच्या रंगाच्या उशा दिसतात. बेडची फिकी-गडद पातळी केसांवरून ठरवायची आणि रंगाची साथ खोलीतून घ्यायची. म्हणून मी ओटमील रंगाचं, म्हणजे ओट्ससारखं फिकं तपकिरी-राखाडी मिसळ कापड सुचवते. पण एवढ्या फिक्या फरशीवर ओटमील बेडही फरशीतच मिसळेल, जाता-येता पाय अडखळेल. म्हणून कडेला सोफ्याच्या राखाडीची जाड पाइपिंग लावून देते. केस मधल्या भागावर पडतात, त्यामुळे कडेचा गडद रंग चालतो. उशांच्या मोहरीचा पूर्ण बेड मात्र घेऊ नका. तो खोलीत फार मोठा ठिपका वाटेल.

मोहरी रंगाचा मोह पट्ट्यासाठीही होईल, उशांशी जुळतो म्हणून. पण फॉन केसांवर मोहरी टॅनसारखीच हरवते. पडताळणी सोपी आहे. पट्टा गळ्याला लावून फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. पट्टा केसांत विरघळला, तर दोघांच्या फिक्या-गडदपणात फरक नाही, रंग कोणताही असो. चिकूसाठी गडद मोरपिशी उठून दिसेल आणि मोहरीच्या उशांबरोबर शोभेलही. मला विचाराल तर पट्टा खोलीशी जुळलाच पाहिजे असं नाही. तो आधी चिकूवर दिसायला हवा, खोलीशी मेळ नंतर. रात्री फिरायला नेत असाल तर चमकणारी पट्टी असलेला घ्या.

मानेवरच्या डागाचं मला खरंच वाईट वाटलं. रंगवलेलं लेदर भिजलं की रंग सोडू शकतं, आणि फिक्या केसांवर तो लगेच दिसतो. मोरपिशी नायलॉनचीही आधी परीक्षा घ्यावी. पांढरा रुमाल ओला करून पट्ट्यावर दहा वेळा जोरात घासायचा. रुमालावर निळसर छटा आली तर तो पट्टा फिक्या कुत्र्याला नको. आमच्याकडचा प्रत्येक गडद पट्टा आता असा तपासूनच देऊ. तरीही आंघोळीआधी आणि पावसात भिजून आल्यावर पट्टा काढून वाळवा.

चिकूला रंग नावडला म्हणून तो झोपत नाही, असं मला वाटत नाही. कुत्र्यांना निळा आणि पिवळा वेगळे ओळखू येतात, तांबडा आणि हिरवा मात्र जवळपास सारखेच दिसतात. राखाडी त्याला राखाडीच दिसत असणार. माझा अंदाज असा, की दाट केसांच्या कुत्र्याला जाड मखमल गरम होते आणि फरशी थंड लागते. नव्या कापडाचा वासही कारण असू शकतो. नवं कव्हर घातल्यावर वर दोन दिवस त्याची जुनी चादर टाकून ठेवा. तेव्हाही फरशीवरच गेला, तर बेड पंख्याखाली सरकवून पाहा.

येताना ब्रशमधले केस एका लहान पिशवीत घेऊन या आणि सोफ्यावरची एक उशीही आणा. तुमच्यासमोर दोन-तीन कापडांवर केस ठेवून बघू. त्यातले तुकडे घरी न्या, तुमच्या दिव्यांत बघा, मगच कव्हर शिवायला घेते.